फोटो संपतो तिथे फाईल संपत नाही: जेपीईजीच्या शेपटीतले जादा बाईट कसे वाचायचे

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराचा एक फोटो माझ्याकडे आला तो त्याच्या वकील ताईंमार्फत. आंबिया बहाराची फळगळ, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा, मागे ठिबकची काळी नळी. नुकसानीच्या दाव्याला जोडलेला साधा फोटो. समोरच्या बाजूने लेखी आक्षेप घेतला होता की दाव्याला जोडलेले त्याच फोनमधले बाकीचे फोटो साडेतीन एमबीच्या आसपास आहेत आणि हा एकटाच ६.४ एमबीचा आहे. चित्र संपल्यानंतर फाईलमध्ये परका डेटा जोडलेला आहे, म्हणून फाईलशी छेडछाड झाली आहे.

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. चित्रानंतर जवळपास २९ लाख बाईट जादा होते. दुसरं वाक्य मात्र पहिल्यातून निघत नव्हतं, आणि एका शेतकऱ्याचा वर्षभराचा पैसा त्या दोन वाक्यांमधल्या फटीत अडकला होता. नागपूरच्या सीताबर्डीवर माझं डेटा रिकव्हरीचं दुकान आहे, अशा फाईली रोज हाताखालून जातात. तरी या वेळी मी प्रत्येक पायरी लिहून ठेवली, कारण पुढे कोणी विचारलं तर तीच पायरी त्याच्यासमोर पुन्हा करून दाखवता आली पाहिजे. त्याच पायऱ्या इथे मांडतो.

चित्राला शेपूट फुटते कशी

जेपीईजी फाईल `FF D8` या दोन बाईटनी सुरू होते आणि `FF D9` या दोन बाईटनी चित्र संपतं. फोटो दाखवणारं साधं सॉफ्टवेअर `FF D9` वाचलं की थांबतं. त्यापुढे फाईलमध्ये आणखी काय आहे हे ते बघत नाही आणि तक्रारही करत नाही. फाईल किती लांब आहे हे ठरवते फाईल सिस्टीम, चित्र कुठे संपलं हे ठरवतं चित्राचं स्वरूप, आणि हे दोन आकडे सारखेच असले पाहिजेत असं कुणावर बंधन नाही. या फरकात जे बसतं त्याला आम्ही दुकानात शेपूट म्हणतो.

या मोकळ्या जागेचा उपयोग सगळेच करतात. फोन कंपन्या तिथे छोटा व्हिडिओ ठेवतात, कॅमेरे मोठी प्रीव्ह्यू ठेवतात, फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअर आपल्या नोंदी ठेवतात. लपवाछपवी करणारे झिप ठेवतात, वेबसाईट फोडणारे कोड ठेवतात. कधी कोणीच काही ठेवलेलं नसतं, नुसता कचरा राहून गेलेला असतो. म्हणून शेपूट आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती कुणाची आहे हे वाचावं लागतं.

आधी मूळ फाईल हातात घ्या

वकील ताईंनी पहिल्यांदा पाठवला तो फोटो व्हॉट्सॲपवरून, नेहमीसारखा फोटो म्हणून. तो उघडून मी लगेच परत फोन केला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र नव्याने आवळून लहान केलं जातं. जुनी फाईल तिथे जातच नाही, जातं ते नवं चित्र. शेपूट तर गळतेच, कॅमेऱ्याने भरलेली एक्झिफ माहितीही गळते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बाईटला बाईट तसाच पोचतो. पण पुराव्याचं काम असेल तर तेही टाळा. शेतकऱ्याचा भाचा फोन घेऊन दुकानात आला, आम्ही केबल लावून फाईल उतरवली आणि फोन परत दिला.

उतरवल्या उतरवल्या फाईलचा हॅश काढा, म्हणजे तिच्या सगळ्या बाईटवरून निघणारा, एक बाईट बदलला तरी बदलणारा आकडा, मगच फाईल उघडा:

```
sha256sum baug.jpg
```

विंडोजवर हेच काम असं होतं:

```
certutil -hashfile baug.jpg SHA256
```

आलेले ६४ अक्षरी मूल्य तारीख-वेळेसह कागदावर लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचं हॅश मूल्य लिहायची जागाच ठेवलेली आहे, त्यामुळे हा आकडा पुढे लागतोच. यानंतरचं सगळं काम कॉपीवर करायचं. मूळ फाईलला हात नाही.

खरा शेवट शोधणे

चुका सगळ्यात जास्त इथे होतात. सरळ वाटणारा मार्ग म्हणजे `FF D9` शोधायचं आणि तिथून पुढचं सगळं शेपूट धरायचं. बागेच्या फाईलवर मी हेच करून पाहिलं:

```
LC_ALL=C grep -aboP '\xff\xd9' baug.jpg
```

४३ ठिकाणी सापडलं. मग खरं कुठलं?

पहिलं सापडलेलं जवळपास नेहमीच खोटं असतं. फाईलच्या सुरुवातीला एक्झिफ माहितीच्या आत एक लघुचित्र असतं, गॅलरीत पटकन दाखवायला. ते स्वतःच पूर्ण जेपीईजी असतं, स्वतःच्या `FF D8` आणि `FF D9` सकट. तिथे फाईल कापली तर हातात टिकलीएवढं चित्र आणि लाखो बाईटची खोटी 'शेपूट' येते. शेवटचं सापडलेलंही भरवशाचं नाही. व्हिडिओसारख्या दाबून भरलेल्या डेटात कुठलीही विशिष्ट बाईटची जोडी साधारण ६५,५३६ बाईटमागे एकदा निव्वळ योगायोगाने येते. २९ लाख बाईटच्या शेपटीत ती चाळीसेक वेळा दिसणार हे गणितच आहे.

मुख्य चित्राच्या डेटात मात्र असा योगायोग होऊ शकत नाही. जेपीईजी बनवतानाच काळजी घेतलेली असते की चित्राच्या डेटात `FF` आलं तर त्याच्यामागे `00` घालायचं. त्यामुळे चित्राच्या आत `FF D9` चुकूनही तयार होत नाही. म्हणून बरोबर रस्ता एकच: सुरुवातीपासून एकेक खण ओलांडत जायचं. प्रत्येक खणाच्या तोंडाशी `FF` आणि एक खूण असते, त्यानंतरच्या दोन बाईटमध्ये खणाची लांबी. `FF E1` नंतर `4A 3C` असेल तर तो खण १९,००४ बाईटचा, तेवढं सरळ पुढे जायचं. लघुचित्र त्याच खणात असतं, ते न उघडताच मागे पडतं. `FF DA` आलं की चित्राचा डेटा सुरू होतो. तिथे लांबी लिहिलेली नसते, म्हणून बाईट बाईट बघत पुढच्या खऱ्या खुणेपर्यंत जायचं. पायथनमध्ये हे एवढंच आहे:

```python
import sys
d = open(sys.argv[1], "rb").read()
assert d[:2] == b"\xff\xd8"
skip = (0x00, 0xFF) + tuple(range(0xD0, 0xD8))
i = 2
while True:
    if d[i] != 0xFF:
        sys.exit("bad marker at %d" % i)
    while d[i] == 0xFF:
        i += 1
    m = d[i]
    i += 1
    if m == 0xD9:
        break
    i += int.from_bytes(d[i:i+2], "big")
    if m == 0xDA:
        while d[i] != 0xFF or d[i+1] in skip:
            i += 1
print("image:", i, "trailer:", len(d) - i)
```

`D0` ते `D7` या खुणा चित्राच्या डेटातच मधूनमधून येऊ शकतात, म्हणून त्या सोडून दिल्या आहेत. काही फोटो टप्प्याटप्प्याने उमटणारे असतात, त्यात `FF DA` अनेकदा येतं. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, बाहेरचा लूप ते सांभाळतो. स्क्रिप्ट `IndexError` देऊन पडली तर समजा चित्र मधेच तुटलेलं आहे आणि `FF D9` आलंच नाही. अशा फाईलला शेपूट आहे का, हा प्रश्नच उरत नाही.

बागेच्या फाईलवर उत्तर आलं:

```
image: 3518206 trailer: 2894701
```

म्हणजे चित्र ३५,१८,२०६ बाईटचं, त्या फोनच्या इतर फोटोंएवढंच. उरलेले २८,९४,७०१ बाईट शेपूट. ४३ पैकी पहिलं `FF D9` लघुचित्राचं होतं, दुसरं खरं, आणि बाकीची ४१ शेपटीत योगायोगाने पडलेली.

शेपटीचं तोंड आणि शेपटीचं टोक

आता शेपूट कुणाची ते बघायचं. सगळे २९ लाख बाईट चाळायची गरज नसते. सुरुवातीचे काही आणि शेवटचे काही बघितले की बहुतेक वेळा नाव कळतं.

```
xxd -s 3518206 -l 48 baug.jpg
```

पडद्यावर हे आलं:

```
0035aefe: 0000 010a 0e00 0000 496d 6167 655f 5554  ........Image_UT
0035af0e: 435f 4461 7461 3137 3235 3234 3331 3336  C_Data1725243136
0035af1e: 3431 3800 0030 0a10 0000 004d 6f74 696f  418..0.....Motio
```

आणि टोकाकडे:

```
$ tail -c 8 baug.jpg | xxd
00000000: 2400 0000 5345 4654                      $...SEFT
```

शेवटी `SEFT` असणारी शेपूट सॅमसंगच्या फोनची. तिची रचना साधी आहे. प्रत्येक खणाच्या आधी आठ बाईट, त्यात खणाचा प्रकार आणि नावाची लांबी, मग नाव, मग मजकूर. `0e` म्हणजे १४, आणि `Image_UTC_Data` ही अक्षरं मोजून १४ आहेत. त्यानंतरचे १३ आकडे म्हणजे फोटो काढल्याची वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदात, जागतिक वेळेनुसार. दुसऱ्या खणाचं नाव `MotionPhoto_Data`, त्यात एमपी४ व्हिडिओ. सगळ्यात शेवटी `SEFH` पासून सुरू होणारी यादी असते. कुठला खण किती मागे आहे आणि किती मोठा आहे हे तिच्यात लिहिलेलं असतं. यादीची लांबी शेवटच्या आठ बाईटमध्ये आहे: `24`, म्हणजे ३६ बाईट.

फोनमध्ये मोशन फोटो चालू असेल तर बटण दाबण्याआधीचे दोन-तीन सेकंद व्हिडिओ म्हणून चित्रामागे जोडले जातात. त्या दिवशी ते चालू होतं, इतर दिवशी बंद. आक्षेपातल्या साईजच्या फरकाचं कारण एवढंच.

पण मला इथे थांबायचं नव्हतं. ओळखीचं नाव दिसलं म्हणून शेपटीत दुसरं काही नाहीच, असं होत नाही. ओळखीच्या डब्यांच्या मधे कुणी आणखी काही खुपसलेलं असू शकतं. म्हणून हिशेब लावला. एक्झिफटूल या साधनाने व्हिडिओ बाहेर काढला:

```
exiftool -b -EmbeddedVideoFile baug.jpg > baug.mp4
```

`baug.mp4` भरली २८,९४,५९८ बाईट. वेळेचा खण ८ अधिक १४ अधिक १३, म्हणजे ३५. व्हिडिओच्या आधीचं तोंड ८ अधिक १६, म्हणजे २४. यादी ३६ आणि तिच्यामागचे ८, म्हणजे ४४. या तिघांची बेरीज १०३. व्हिडिओचे २८,९४,५९८ मिळवले की बरोबर २८,९४,७०१. शेपटीतला एकेक बाईट कुणाच्या ना कुणाच्या खात्यावर लागला, एकही उरला नाही. 'परका डेटा' या शब्दांना उत्तर द्यायचं तर असा हिशेब लागतो. नुसतं 'सॅमसंगमध्ये असं असतं' म्हणून समोरच्याचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको.

वेळ काय सांगते

तेरा आकड्यांतले शेवटचे तीन मिलिसेकंद. ते सोडून:

```
TZ=Asia/Kolkata date -d @1725243136
```

उत्तर: सोमवार, २ सप्टेंबर २०२४, सकाळी ७ वाजून ४२ मिनिटं १६ सेकंद. एक्झिफमधली वेळही तीच, सेकंदापर्यंत. इथे एक खबरदारी: एक्झिफमधली मूळ वेळ स्थानिक असते आणि शेपटीतली जागतिक. कोणी साडेपाच तासांचा फरक दाखवून 'बघा, दोन वेगळ्या वेळा' म्हणालं तर घाबरू नका, आधी दोन्ही एकाच घड्याळात आणा. साडेपाच तासांहून वेगळा, काही दिवसांचा फरक निघाला तर मात्र खोलात जा. एक्झिफची तारीख बदलणारी बरीच साधनं शेपटीला हात लावत नाहीत. एक्झिफटूलसुद्धा आपण सांगितल्याशिवाय तिला जशीच्या तशी ठेवतं. वर नवी तारीख आणि खाली जुनी, असं चित्र त्यामुळे राहून जातं.

शेतकऱ्याच्या अर्जात लिहिलं होतं, 'पोळ्याच्या दिवशी सकाळी फोटो काढला.' २०२४ चा पोळा २ सप्टेंबरलाच होता. मी व्हिडिओ लावला. जेमतेम तीन सेकंद. कॅमेरा जमिनीकडे झुकतो, चपलेजवळ पडलेलं एक फळ दिसतं, देठाजवळ काळं पडलेलं, आणि मागून आवाज येतो, 'हे पाय ना बापा, किती पडले.' दूर कुठेतरी घुंगरमाळ वाजत असते. भाचा म्हणाला, 'मामाचाच आवाज हाये.' त्याला माहीतही नव्हतं की फोटोत आवाज आहे.

घुंगरांचा आवाज मी अहवालात घेतला नाही. बैलाच्या गळ्यात घुंगरं पोळ्याखेरीजही असतात. व्हिडिओच्या शेवटच्या क्षणांतलं दृश्य आणि स्थिर फोटो मात्र मी शेजारी ठेवून पाहिले: तेच झाड, तीच ठिबकची नळी, पडलेल्या फळांची तीच मांडणी. हे जुळवणं फार महत्त्वाचं आहे. चित्र एडिट करून सेव्ह करताना काही ॲप जुनी शेपूट तशीच चिकटवून ठेवतात. तेव्हा शेपूट बोलते ती मूळ फोटोबद्दल. वरच्या चित्रात नंतर काय बदललं ते तिला माहीत नसतं. व्हिडिओ आणि चित्र जुळले तर ही शंका बरीच कमी होते, पूर्ण जात नाही.

दुसऱ्या जातीच्या शेपट्या

वरचीच पद्धत, म्हणजे खरा शेवट काढा, तोंड बघा, टोक बघा, हिशेब लावा, सगळीकडे चालते. उत्तरं मात्र वेगवेगळी येतात.

शेपटीचं तोंड पुन्हा `FF D8` असेल तर मागे दुसरं जेपीईजी आहे. हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. कॅमेऱ्याची मोठी प्रीव्ह्यू असते, किंवा नव्या अँड्रॉइड फोनच्या एचडीआर फोटोत उजेडाचा नकाशा म्हणून जोडलेलं करड्या रंगाचं चित्र असतं. खरं आहे का हे तपासायला सोपी खूण: वरच्या चित्राच्या सुरुवातीच्या खणांत `MPF` नावाची यादी असते आणि दुसरं चित्र कुठे, केवढं, हे तिच्यात नोंदलेलं असतं. नोंद नसलेलं दुसरं चित्र दिसलं तर ते काढून उघडून बघाच.

सगळी शून्यं असतील तर फाईलची एकूण साईज ४,०९६ किंवा ५१२ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर ही फाईल बहुधा रिकव्हरीतून आली आहे. मेमरी कार्डवर, आपल्याकडे ज्याला सगळे चिप म्हणतात तिच्यावर, जागा ठराविक मापाच्या तुकड्यांत वाटलेली असते. फाईलच्या नोंदी उडालेल्या असतात तेव्हा रिकव्हरी सॉफ्टवेअरला नेमकी लांबी माहीत नसते, ते शेवटचा तुकडा पूर्ण उचलतं. लग्नाच्या फोटोंची चिप फॉर्मॅट झाली की माझ्याकडून परत जाणाऱ्या फाईलींत अशा शेपट्या असतात. शून्यांऐवजी तिथे दुसऱ्याच एखाद्या फोटोचा तुकडा असेल तर तोही याच कारणाने आलेला असू शकतो: त्या जागेवर आधी राहत असलेल्या फाईलचा उरलेला भाग.

`50 4B 03 04`, म्हणजे `PK` या अक्षरांनी सुरू होणारी शेपूट झिपची. झिप वाचणारं सॉफ्टवेअर आपली यादी फाईलच्या टोकाकडून शोधतं, चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर सुरुवातीकडून वाचतं. त्यामुळे एकच फाईल एकाला फोटो दिसते आणि दुसऱ्याला झिप. `52 61 72 21` असेल तर ती रार. फोन किंवा कॅमेरा चित्रामागे झिप लावत असल्याचं मी कधी पाहिलेलं नाही, म्हणून इथे कुणीतरी हाताने जोडलं असं मी धरतो. का जोडलं ते बाईट सांगत नाहीत. दुकानातल्या कॉम्प्युटरवर अशी झिप उघडू नका. नेट बंद असलेल्या वेगळ्या मशीनवर आधी नुसती फाईलींची यादी बघा.

शेपटीत वाचता येणारा मजकूर असेल तर तो वाचाच. `<?php` दिसलं तर वेबसाईटवर चढवलेल्या फोटोआडून कोड आत न्यायचा प्रयत्न आहे. फोटो म्हणून तो बिनधोक उघडतो, पण सर्व्हरने चुकून ती फाईल पीएचपी म्हणून चालवली तर आतला कोड चालतो. `WebKitFormBoundary` असलेली ओळ दिसली तर तो हल्ला नाही, फॉर्ममधून आलेली फाईल नीट न कापणाऱ्या अपलोड प्रोग्रामची चूक आहे. नुसते `0D 0A` हे दोन बाईट शिल्लक असतील तर तेही बहुधा याच जातीचं.

आणि शेवटी असा ढीग, ज्याला ना तोंड, ना टोक, ना ओळखीचं नाव. बाईट अगदी सरमिसळ. तो कुलूपबंद डेटा असू शकतो, तसाच एखाद्या दाबलेल्या फाईलचा मधला तुकडाही असू शकतो. नुसत्या सरमिसळीवरून या दोन्हींत फरक करता येत नाही. अशा वेळी 'ओळख पटली नाही, लांबी अमुक' एवढंच लिहावं.

कापलेला स्क्रीनशॉट आणि न कापलेली फाईल

ही एक जात वेगळी सांगायला हवी, कारण हिचा फटका अशा माणसाला बसतो ज्याने काहीच जोडलेलं नसतं. पीएनजी फाईल `IEND` नावाच्या खणाने संपते; शेवटचे आठ बाईट नेहमी `49 45 4E 44 AE 42 60 82` असतात. बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट काढला, खातं क्रमांकाचा भाग क्रॉप केला, सेव्ह केला. नवी फाईल जुन्यापेक्षा लहान. सॉफ्टवेअरने ती जुन्या फाईलवरच लिहिली पण उरलेली लांबी छाटली नाही, तर नव्या `IEND` नंतर जुन्या स्क्रीनशॉटचा उरलेला भाग तसाच राहतो.

पिक्सेल फोनच्या मार्कअप या सोयीत नेमकं हेच होत होतं. मार्च २०२३ मध्ये सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी ते उघड केलं, `CVE-2023-21036` म्हणून त्याची नोंद आहे. अँड्रॉइड १० मध्ये फाईल लिहायला उघडण्याची पद्धत बदलली होती. आधी जुना मजकूर आपोआप छाटला जायचा, नंतर तसं स्पष्ट सांगावं लागू लागलं. काही दिवसांतच विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसलाच दोष निघाला, `CVE-2023-28303`. दोन्ही दुरुस्त झाले, पण आधी पाठवलेल्या फाईली ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे त्या तशाच आहेत. तपासणी एका ओळीची:

```
grep -abo IEND screenshot.png
```

एकच ओळ आली तर ठीक. दोन आल्या आणि मधे दुसऱ्या पीएनजीची सुरुवात नसेल, नुसतेच चित्राचा डेटा असलेले `IDAT` चे तुकडे असतील, तर आधीचा मोठा स्क्रीनशॉट मागे राहिला आहे. त्यातला बराच भाग परत दिसू शकतो. अशी फाईल कुणाला पाठवू नका. पाठवून झाली असेल तर त्यात काय दिसत होतं ते आठवून पुढची पावलं उचला.

पाठवण्याआधी शेपूट काढायची असेल तर

भाच्याने दुकानातून निघताना विचारलं, 'मंग घरचे फोटो पाठवतो तेव्हा आवाजबी जाते काय?' डॉक्युमेंट म्हणून, ईमेलने किंवा ड्राईव्हवरून पाठवला तर जातो. तीन सेकंदांत घरातलं बोलणं पुरेसं येतं. मोशन फोटो बंद ठेवणं हा कायमचा उपाय. आहे त्या फाईलसाठी:

```
exiftool -trailer:all= photo.jpg
```

मूळ फाईल `photo.jpg_original` नावाने बाजूला राहते. नंतर वरची स्क्रिप्ट पुन्हा चालवा. `trailer: 0` दिसलं पाहिजे. यातून एक्झिफमधलं ठिकाण जात नाही, ते वेगळं काढावं लागतं. आणि ज्या फाईलवर वाद चालू आहे तिच्यावर हे कधीच चालवू नका. शेतकऱ्याने कुणाच्या सांगण्यावरून 'जादा डेटा' आधीच उडवला असता तर त्याच्या बाजूचा सगळ्यात बोलका भाग तिथेच संपला असता.

अहवालात मी चार ओळी लिहिल्या. फाईलचं हॅश मूल्य. चित्र ३५,१८,२०६ बाईटला पूर्ण होतं आणि त्यानंतरचे २८,९४,७०१ बाईट फोनच्याच कॅमेऱ्याच्या रचनेत पूर्णपणे बसतात, एकही बाईट बिनहिशेबी नाही. शेपटीतली वेळ आणि एक्झिफमधली वेळ जुळते, व्हिडिओतलं दृश्य आणि फोटो जुळतात. चौथी ओळ वकील ताईंना नको होती, पण मी ती ठेवली: ही वेळ फोनच्या घड्याळाची आहे, ते घड्याळ त्या दिवशी बरोबर होतं हे या फाईलवरून कळत नाही, आणि हे तेरा आकडे हेक्स एडिटरने बदलता येण्यासारखे आहेत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, 'असू द्या. मग फोनच जमा करू, त्याच सकाळचे आधीचे-नंतरचे फोटोही त्यात असतील.' होते. पोळ्याच्या त्या सकाळचे एकूण अकरा फोटो, सगळ्यांना शेपूट, आणि सगळ्यांतल्या वेळा एकापाठोपाठ एक चढत गेलेल्या.